अँजिओ नॉर्मल, दुखणं तसंच

"घाबरू नका, तुमच्या रक्तवाहिन्या एकदम स्वच्छ आहेत." अँजिओग्राफी संपली होती, मनगटावरची पट्टी अजून घट्ट होती आणि डॉक्टर हसत हे सांगत होते. नवऱ्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मलाही हायसं वाटलं. चौथ्या दिवशी शाळेचा जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत तेच दडपण आलं. कुणीतरी तळहात ठेवून दाबतंय असं, जबड्यापर्यंत चढणारं. मी कठड्याला धरून उभी राहिले. मनात आलं ते असं की आता हे कुणाला सांगायचं? हृदय तर चांगलं आहे म्हणाले.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. त्यानंतर माझ्या दुखण्याला त्याचं खरं नाव मिळायला पावणेदोन वर्षं लागली. ते नाव, म्हणजे हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा बिघाड, ज्या तपासणीतून मिळालं ती फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून ती कशी असते आणि तिच्यापर्यंत पोचायला इतका वेळ का लागतो, हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात ट्रेडमिल टेस्टपासून झाली होती. सातव्या मिनिटाला दम लागला, छाती भरून आली आणि ईसीजीची रेघ खाली गेली. त्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं, म्हणून तर अँजिओग्राफी झाली. अँजिओग्राफी स्वच्छ निघाल्यावर मात्र पहिल्या रिपोर्टचा अर्थच बदलला. "बायकांमध्ये ट्रेडमिल टेस्ट बऱ्याचदा खोटी पॉझिटिव्ह येते," असं मला सांगण्यात आलं. मी मान डोलावली. आज त्या वाक्यापाशी मी थांबले असते. व्यायाम करताना हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय, असं ईसीजी म्हणत होता. मोठ्या वाहिन्यांत अडथळा नाही, असं अँजिओग्राफी म्हणत होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, ही शक्यता त्या खोलीत कुणी बोलून दाखवली नाही.

मग पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. ॲसिडिटीच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, एंडोस्कोपी झाली, तीही नॉर्मल. मग स्ट्रेस थॅलियम, म्हणजे श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूत रक्त कुठे पोचतं याचं चित्र काढणारी तपासणी. तीसुद्धा नॉर्मल. मग पाळी जाण्याचं वय, मनावरचा ताण, झोप कमी, असं एकेक कारण पुढे येत गेलं. शेवटी चिंतेवरची गोळी सुरू झाली. तिने झोप सुधारली, हे मान्य करायला हवं. जिन्यावरचं दुखणं जागच्या जागी होतं. उलट आता पहाटे चार-साडेचारला जाग येऊन छाती दाबल्यासारखी व्हायची, हे नवीन होतं.

एका रात्री हे पाऊण तास टिकलं. हात जड झाला, घाम आला. आम्ही तातडीने दवाखान्यात गेलो. ईसीजी झाला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली. सगळं ठीक आलं. सकाळी सोडताना कागदावर लिहिलं होतं, 'छातीतलं दुखणं, हृदयाशी संबंधित नाही.' त्या रात्री तिथे जाणं चुकलं असं मला आजही वाटत नाही. अँजिओग्राफी एकदा स्वच्छ आली म्हणजे पुढे कधी हृदयविकाराचा झटका येणारच नाही, असं नसतं. असं दुखणं वीस मिनिटांत थांबलं नाही, तर आजही मी हेच करेन. खटकलं ते कागदावरचं वाक्य. ट्रोपोनिन वाढलं नाही याचा अर्थ स्नायू मेला नाही, एवढाच होतो. स्नायूला रक्त पुरत नव्हतं की नाही, हे त्या तपासणीतून कळत नाही.

धाकट्या बहिणीने एक सरळ गोष्ट सुचवली. ती म्हणाली, "ताई, तू दर वेळी 'छातीत दुखतं' एवढंच सांगतेस. एक वही कर. काय करताना आलं, किती वेळ टिकलं, थांबल्यावर किती वेळाने गेलं, सगळं लिही." मी सहा आठवडे लिहिलं. वही वाचताना मलाच काही गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. जिना चढताना दुखणं सुरू व्हायचं, पण थांबल्यावर ते लगेच जात नव्हतं. बसून राहिले तरी पंधरा-वीस मिनिटं रेंगाळायचं. त्याच जिन्यावर काही दिवस काहीच होत नसे आणि काही दिवस पहिल्याच मजल्यावर अडायचं. थंड वाऱ्यात चालताना किंवा कुणाशी वाद झाल्यावर ते हमखास यायचं. पहाटेचं दुखणं तर झोपेतून उठवणारं, श्रमाशी संबंध नसलेलं. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेतली की कधी दहा मिनिटांनी थोडा आराम पडायचा, कधी काहीच फरक नसे. आणि एक नोंद अशी होती की मला लाज वाटली. मधल्या काळात एका डॉक्टरांनी 'खबरदारी म्हणून' बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी, सुरू केला होता. तो सुरू झाल्यानंतरच्या तीन आठवड्यांत पहाटेची दुखणी दोनाची पाच झाली होती आणि मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

ही वही घेऊन मी तिसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. बाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी अँजिओग्राफीची सीडी लावली, मग माझी वही हातात घेतली आणि पानं उलटत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचा मुख्य कालवा स्वच्छ आहे. शेतात पाणी पोचतंय का, ते अजून कुणी पाहिलेलं नाही."

नंतर त्यांनी समजावलं ते असं. अँजिओग्राफीत जे दिसतं ते हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचं चित्र असतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्या चित्रात उमटतच नाहीत. पण स्नायूच्या आत शिरून त्याला प्रत्यक्ष रक्त देणाऱ्या वाहिन्या याच असतात, आणि किती रक्त सोडायचं हेही प्रामुख्याने त्याच ठरवतात. मोठी वाहिनी म्हणजे रस्ता. नळ उघडायचा-बंद करायचा तो या बारीक वाहिन्यांनी. निरोगी माणूस धावायला लागला की त्या सैलावतात आणि हृदयाला जाणारं रक्त तीन-चार पट वाढतं. हे सैलावणं बिघडलं किंवा त्याच वाहिन्या अवेळी आवळल्या, तर मोठ्या वाहिन्या आरशासारख्या असल्या तरी स्नायू उपाशी राहतो. याला सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा बिघाड म्हणतात. डॉक्टर मंडळी आपसात 'मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना' म्हणतात.

"मग स्ट्रेस थॅलियम नॉर्मल कशी आली?" मी विचारलं. मला वाटलं होतं की तिथे तरी हे दिसायला हवं होतं. त्यांचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. ती तपासणी हृदयाच्या एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करते. एका मोठ्या वाहिनीत अडथळा असेल तर तेवढा भाग फिका दिसतो. बारीक वाहिन्या सगळीकडेच थोड्याफार बिघडलेल्या असल्या, तर सगळं हृदय सारखंच कमी रक्त घेतं. फिकं दिसायला शेजारी गडद काही नसतं, म्हणून चित्र नॉर्मल वाटतं. पेट स्कॅनमध्ये रक्ताचा प्रवाह आकड्यात मोजता येतो, तिथे हे पकडता येतं. पण तो सगळीकडे होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पुन्हा अँजिओग्राफीच्या टेबलवर जायचं, आणि या वेळी चित्रासोबत मोजमापही करायचं.

पुन्हा अँजिओग्राफी म्हटल्यावर नवरा चटकन म्हणाला, "एकदा झालीय ना ती?" डॉक्टरांनी त्याला थोपवलं नाही. धोके सांगितले. वाहिनीत तार घालायची असते, त्यामुळे वाहिनीला इजा होण्याची शक्यता असते, क्वचितच पण असते. औषधाने मुद्दाम वाहिनी आवळून बघायची असते, त्यात काही क्षण ठोके फार मंद होऊ शकतात. फायदा काय, हेही सांगितलं. बीटा ब्लॉकरने माझी पहाटेची दुखणी वाढली असतील, तर आवळण्याचा भाग असण्याची शंका घ्यायला जागा आहे, आणि तसं असेल तर औषधं पूर्ण वेगळी लागतात. अंदाजाने गोळ्या बदलत राहण्यापेक्षा एकदा मोजावं, असं त्यांचं मत. त्यांनी एका अभ्यासाचा दाखला दिला. स्कॉटलंडमध्ये २०१८ साली कॉरमायका नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात छातीत दुखतं पण वाहिन्यांत अडथळा नाही, अशा १५१ रुग्णांची हीच तपासणी झाली. निम्म्या रुग्णांच्या डॉक्टरांना निकाल सांगून त्यानुसार औषधं दिली, निम्म्यांचा निकाल झाकून ठेवला आणि नेहमीचे उपचार चालू ठेवले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं दुखणं आणि रोजचं जगणं दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे सुधारलेलं होतं. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

तयारीत दोन गोष्टी कटाक्षाने सांगितल्या गेल्या. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट, काही नाही. कॅफिन त्या तपासणीतल्या एका औषधाचा परिणाम अडवतं. आणि वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या दोन दिवस आधीपासून बंद, बीटा ब्लॉकर त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधीच हळूहळू कमी करून थांबवलेला. आवळतंय का हे बघायचं आणि आवळू न देणारी गोळी पोटात असायची, असं झालं तर निकाल खोटा नॉर्मल येईल. एरवी मनगटातून नळी घालताना वाहिनी सैल राहावी म्हणून नायट्रोग्लिसरीनसारखं औषध देतात, तेही त्या दिवशी शक्यतो टाळायचं असं डॉक्टर टेक्निशियनला दोनदा बजावत होत्या. पहिल्या अँजिओग्राफीला मला ते दिलेलं होतं. माझ्या वाहिन्या स्वच्छ होत्या हे खरंच, पण ज्या वेळी त्या पाहिल्या त्या वेळी त्या सैल करून ठेवलेल्या होत्या.

टेबलवर झोपवल्यावर माझे ठोके एकशे दहाच्या वर होते. डॉक्टर थांबल्या. सिस्टर माझ्या डोक्याशी उभ्या राहून साधं-साधं बोलत राहिल्या, ठोके खाली येईपर्यंत. पुढे जे मोजायचं त्यात विश्रांतीतला प्रवाह हा पाया असतो. घाबरून हृदय आधीच पळत असेल तर विश्रांतीतला प्रवाहच वाढलेला असतो आणि गुणोत्तर उगाच कमी येतं. हे ऐकून मला एकदम शांत वाटलं. ताण आहे म्हणून दुखतंय, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यापेक्षा ही बाई ताणाचा विचार जास्त नीट करत होती.

आधी ॲसिटिलकोलिन. हे आपल्या शरीरात असणारंच एक रसायन आहे. याच्या मागची युक्ती मला फार आवडली, म्हणून सांगते. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. हे अस्तर निरोगी असेल तर ॲसिटिलकोलिन लागल्यावर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल होते. अस्तर बिघडलं असेल तर तेवढं नायट्रिक ऑक्साइड तयार होत नाही, औषध खालच्या स्नायूवर थेट काम करतं आणि वाहिनी आवळते. म्हणजे एकच औषध, निरोगी वाहिनीत उघडतं आणि आजारी वाहिनीत मिटतं.

हे डावीकडच्या वाहिनीत थेट, चढत्या मात्रेने सोडतात. पहिली मात्रा २ मायक्रोग्रॅम, दुसरी २०, तिसरी १००. प्रत्येक मात्रा सावकाश, दोन-तीन मिनिटांत, आणि दर वेळी चित्र आणि बारा लीडचा ईसीजी. पहिल्या मात्रेला काही नाही. दुसरीला थोडं गरम वाटलं. तिसरी अर्धी गेली असेल आणि ते आलं. तळहाताचं दडपण, जबडा, डावा खांदा, सगळं जसंच्या तसं, पहाटे चार वाजता यायचं तसं. डॉक्टरांनी विचारलं, "हेच का तुमचं दुखणं?" मी "हो, हेच, हेच" म्हणत रडायला लागले. दुखत होतं म्हणून रडले नाही. पावणेदोन वर्षं जे मी एकटीच जाणत होते ते त्या क्षणी समोरच्या पडद्यावर सहा जण बघत होते. ईसीजीची रेघ खाली गेलेली होती. मोठी वाहिनी मात्र जेमतेम थोडी बारीक झाली होती. मोठ्या वाहिनीचं आवळणं तेव्हाच मानतात, जेव्हा ती नव्वद टक्के किंवा जास्त मिटते. माझ्यात तसं नव्हतं. म्हणजे आवळत होत्या त्या आतल्या, न दिसणाऱ्या वाहिन्या. दुखणं तेच, ईसीजीत बदल आणि मोठी वाहिनी उघडी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सूक्ष्म वाहिन्यांचं आवळणं असं निदान होतं.

लगेच नायट्रोग्लिसरीन दिलं. दोनेक मिनिटांत दडपण उतरलं.

मग दुसरा भाग. पुढच्या बाजूच्या मोठ्या वाहिनीत अगदी बारीक तार नेली. तिच्या टोकाशी दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. नळीतून खोलीच्या तापमानाचं सलाईन पटकन ३ मिली सोडायचं आणि ते थंड रक्त तारेच्या टोकापर्यंत किती वेळात पोचतं ते बघायचं. वेळ जितका कमी तितका प्रवाह जास्त. विश्रांतीत तीन वेळा मोजलं. माझे आकडे ०.७८, ०.८२ आणि ०.८० सेकंद. सरासरी ०.८०. मग शिरेतून ॲडेनोसिन सुरू केलं, जे बारीक वाहिन्यांना पूर्ण सैल व्हायला भाग पाडतं. याचं आधी सांगून ठेवलेलं बरं असतं, कारण तो अनुभव वाईट आहे. चेहरा तापतो, श्वास जड होतो, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं आणि आता काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. थेंब बंद केले की मिनिटभरात सगळं ओसरतं, कारण हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. त्या अवस्थेत पुन्हा तीन मोजमापं झाली. ०.५०, ०.४६, ०.४८. सरासरी ०.४८.

०.८० ला ०.४८ ने भागलं की १.६७ येतात. याचा अर्थ पूर्ण जोर लावूनही माझ्या हृदयाचा प्रवाह विश्रांतीच्या पावणेदोन पटही होत नव्हता. या पद्धतीने मोजताना अडीचच्या वर असेल तर चांगलं मानतात, दोनच्या खाली नक्कीच कमी. याला प्रवाहाचा राखीव साठा म्हणता येईल. दुसरा आकडा बारीक वाहिन्यांकडून रक्ताला होणाऱ्या विरोधाचा. तारेच्या टोकाशी दाब ७२ होता, त्याला ०.४८ ने गुणलं, साधारण ३५ आले. पंचवीसच्या खाली असायला हवा होता. विश्रांतीत हृदय कसं चाललंय याचा या आकड्यावर तितका परिणाम होत नाही. त्यामुळे घाबरल्याने गुणोत्तर बिघडलं असेल का, या शंकेलाही इथे उत्तर मिळतं. मोठ्या वाहिनीच्या सुरुवातीला दाब ७८ आणि टोकाला ७२, म्हणजे मध्ये कुठे लपलेला अडथळा नाही, हेही त्याच तारेने दाखवलं.

ही तपासणी सगळं सांगत नाही. माझ्या हृदयाच्या एकाच मोठ्या वाहिनीच्या प्रदेशात ती तारेने मोजली गेली. बाकीच्या भागांत चित्र थोडं वेगळं असू शकतं. आवळणं हे त्या दिवशी, त्या मात्रेला झालं. काहींना आजार असूनही त्या दिवशी ते होत नाही. आणि ती सगळीकडे होत नाही. मला त्यासाठी दोन ठिकाणी चौकशी करावी लागली.

निदानानंतर डॉक्टरांनी बायकांच्या बाबतीत हे का निसटतं ते सांगितलं, तेव्हा माझा राग बराचसा दिशा बदलून गेला. माझ्या आधीच्या डॉक्टरांपैकी कुणी निष्काळजी नव्हतं. त्यांची सगळी साधनं एकच प्रश्न विचारत होती, मोठ्या वाहिनीत अडथळा आहे का? त्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी खरोखरच 'नाही' होतं. तो प्रश्न पुरुषांच्या हृदयविकारावरून घडलेला. अडथळ्याचं दुखणं कसं असतं तर चालताना येतं, थांबल्यावर पाचेक मिनिटांत जातं, जिभेखालच्या गोळीने झटकन उतरतं. माझं तसं नव्हतं, म्हणून ते 'वेगळ्या प्रकारचं' ठरलं, आणि 'वेगळ्या'चा अर्थ हळूहळू 'हृदयाचं नाही' असा होत गेला. अमेरिकेतल्या २०२१ च्या छातीदुखीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर हा 'अटिपिकल' शब्द वापरू नका, असंच सांगितलेलं आहे.

हा आजार पुरुषांना होत नाही असं नाही. पण अडथळा नसताना छातीत दुखणाऱ्यांमध्ये बायका जास्त असतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि अस्तराला मिळणारं त्याचं संरक्षण जातं, हे एक कारण सांगतात. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब यांचाही संबंध असतो. दुसऱ्या बाळंतपणात माझा रक्तदाब खूप वाढला होता. पावणेदोन वर्षांत मला याबद्दल पहिल्यांदा विचारलं ते याच डॉक्टरांनी.

या दुखण्याची गोष्ट जुनी आहे. १९७३ मध्ये त्याला 'सिंड्रोम एक्स' असं नाव पडलं होतं. कारण तेव्हा माहीत नव्हतं. १९९१ मध्ये बर्नाडीन हिली, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक, यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की बाईला आपलं हृदय पुरुषासारखंच बिघडलंय हे सिद्ध केल्यावरच पुरुषासारखे उपचार मिळतात. त्यानंतर १९९६ पासून तिथे वाइज नावाचा अभ्यास सुरू झाला, फक्त छातीत दुखणाऱ्या बायकांचा. त्यातल्या अडथळा नसलेल्या १५९ बायकांमध्ये प्रवाहाचा साठा मोजला तेव्हा जवळपास निम्म्यांमध्ये तो कमी निघाला. पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर असंही दिसलं की अशा बायकांना हृदयाचे गंभीर त्रास होण्याचं प्रमाण निरोगी बायकांपेक्षा जास्त असतं. म्हणून 'काही नाही, घरी जा' हे वाक्य बरोबर नव्हतं.

माझ्या बाबतीत उपचार पुढीलप्रमाणे झाले. बीटा ब्लॉकर परत सुरू केला नाही. त्याने आवळणं वाढू शकतं आणि माझ्या वहीत तसं दिसत होतं. फक्त साठा कमी असता आणि आवळणं नसतं, तर तोच पहिल्या पसंतीचा असता, असंही डॉक्टर म्हणाल्या. त्याऐवजी डिल्टिआझेम, आवळणं रोखणारं, रात्री. कोलेस्टेरॉल फार नव्हतं तरी स्टॅटिन, अस्तरासाठी. रक्तदाबाची रॅमिप्रिल दिली, पण तिने कोरडा खोकला आला तेव्हा बदलून टेल्मिसार्टन. आणि देखरेखीखाली चालणं. सुरुवातीला सपाटीवर दहा मिनिटं, आधी पाच मिनिटं अगदी सावकाश. थेट जोरात सुरू केलं की दुखणं येतं, सावकाश सुरू करून वेग वाढवला तर बऱ्याचदा येत नाही, हे मी स्वतःच्या पायांनी शिकले.

पहिल्या दोन महिन्यांत पहाटेचं दुखणं महिन्यातून एकदावर आलं. हा फरक मला गोळी सुरू केल्याच्या नवव्या दिवशीच जाणवला होता. जिन्यावरचं दुखणं इतकं सहज गेलं नाही. चौथ्या महिन्यात वाहिन्या सैल करणारं निकोरॅंडिल जोडलं. पहिला आठवडा डोकं ठणकलं, मग सवय झाली. आता दोन मजले न थांबता चढते, तिसऱ्याला थांबते. थंडीत गळपट्टा नाकापर्यंत घेते. वादानंतरचं दुखणं अजून येतं. याच्या औषधांवर अजून मोठे, पक्के अभ्यास फार नाहीत, त्यामुळे प्रत्येक बदल मी वहीत लिहून दाखवते आणि त्या प्रमाणे पुढचा ठरतो.

आठ महिन्यांनी फाइल नव्याने लावायची होती. मी जुना तातडीच्या रात्रीचा कागद बाहेर काढला, 'हृदयाशी संबंधित नाही' लिहिलेला. तो काढून टाकू का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "राहू दे. तुम्ही रात्री-बेरात्री कुठे गेलात तर समोरचा डॉक्टर वरचा कागद वाचेल. वर मी आता लिहून देते तो असू दे." त्यांनी एक पान लिहून दिलं. निदान, १.६७ आणि ३५ हे दोन आकडे, कुठल्या मात्रेला दुखणं आलं ते, चालू औषधं, आणि खाली एक ओळ, 'बीटा ब्लॉकर देऊ नये. नायट्रेटने आराम न पडल्यास दुखणं हृदयाचं नाही असं समजू नये.' ते पान मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलंय. त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि बहिणीच्याही फोनमध्ये आहे.